उलटं नाव म्हणजे नकाशा करणाऱ्याचा आळस

नकाशावर एखाद्या नदीचं नाव खाली डोकं वर पाय दिसलं की मला सरळ आळस दिसतो. हे टाळायला फार काही लागत नाही.

नकाशातली नदी म्हणजे क्रमाने मांडलेले बिंदू. ओपनस्ट्रीटमॅपवर हा क्रम प्रवाहाच्या दिशेने ठेवतात. अक्षरं त्याच क्रमाने बसवली तर पूर्वेला जाणारी नदी छान वाचता येते आणि पश्चिमेला जाणारी उलटी होते. मग पुष्कळ जण नदीची दोन टोकं बघून सगळी रेघच फिरवतात. घोळ इथेच आहे. नदी पूर्वेला जाऊन, मोठं वळण घेऊन परत फिरत असेल तर तिची एक बाजू उलटी राहणारच.

म्हणून निर्णय प्रत्येक नावापुरता घ्यावा. समजा, नाव १२० पिक्सेल लांब आहे. त्याच्या मध्यबिंदूपासून रेघेवरूनच ६० मागे आणि ६० पुढे जा. पहिल्या अक्षराचा x ३१० आणि शेवटच्याचा १९८ आला, तर फक्त तेवढा तुकडा उलट क्रमाने घ्या. नाव नदीपासून जरा वर उचलायचं असेल तर ते उलटवल्यानंतर उचला. आधी उचललंत तर ते खालच्या काठाला जातं आणि अक्षरं पाण्यात शिरतात. एकेरी रस्त्याचा बाण मात्र कधीच उलटवू नका, तो दिशा सांगतो! नकाशे काढून देणाऱ्या मॅपबॉक्समध्ये `text-keep-upright` मुळातच `true` आणि `icon-keep-upright` `false` असतं, ते उगाच नाही.

उभ्या रस्त्याचं दुखणं वेगळं. दोन टोकांच्या x मध्ये दोनेक पिक्सेलचाच फरक असतो, त्यामुळे नकाशा बोटाने जरा फिरवला की नाव कोलांट्या मारतं. फरक दुसऱ्या बाजूला, समजा, १० पिक्सेल गेल्याशिवाय आधीची दिशा सोडायची नाही, एवढ्याने ते थांबतं.

आणि नाव नेमकं घाटातल्या वळणावर आलं तर? अर्धं सुलट, अर्धं उलट. कुठूनही वाचा, फसणारच. तिथून सरकवा, नाहीतर गाळा. शेजारच्या अक्षरांमधला कोन मोजला की अशी जागा सापडते. मॅपबॉक्स मुळात ४५ अंश चालवून घेतं. देवनागरीसाठी मला ते फारच सैल वाटतं, कारण शिरोरेषा त्याच्या कितीतरी आधी तुटते.

दोन नावांची टक्कर तपासतानाही असाच आळस होतो. १२० बाय १४ चं तिरकं नाव एकाच सरळ चौकटीत कोंबलं तर ४५ अंशांवर ती चौकट साधारण ९५ बाय ९५ होते, म्हणजे नावाच्या पाचपटीहून जास्त जागा अडते आणि शेजारच्या रस्त्यांची नावं विनाकारण गायब होतात. त्यापेक्षा नावाच्या वळणावर लहान वर्तुळांची माळ ठेवून तपासा. तरीही दोन नावं भिडलीच, तर मोठ्या नदीचं ठेवा आणि ओढ्याचं बिनधास्त काढून टाका.