पहिल्या तीन वर्षांचा हप्ता कुठे जातो?

“भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, हप्ता म्हणजे बचत.” वीस वर्षं एकाच घरात राहणाऱ्याला ठीक आहे. आमच्या ऑफिसात दर तीन वर्षांनी बदलीचं पत्र येतं, तिथे हा हिशोब कोसळतो. कांदिवलीतला १ कोटी २० लाखांचा वन बीएचके धरा. ९० लाख कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं; हप्ता साधारण ७८ हजार. तीन वर्षांत २८ लाख भरता, पण मुद्दल फिटते जेमतेम ५ लाख ८६ हजार, बाकी सगळं व्याज! बँकेच्या अ‍ॅपवर परतफेडीचा तक्ता उघडा, मुद्दलाचा रकाना पाहून घाम फुटेल. वर सहा टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ७ लाख २० हजार, आणि ३० हजार नोंदणी. हे विकताना परत मिळत नाहीत. दलाली वेगळीच.

तसंच घर ३५ हजार भाड्याने घेतलं, तर तीन वर्षांचे १२ लाख ६० हजार. बदली झाली की नोटीस द्यायची, डिपॉझिट घ्यायचं, निघायचं. फक्त लिव्ह अँड लायसन्स करारातला लॉक-इन सहीआधी वाचा. मी तो सहा महिन्यांवर आणून घेतो. घरमालक कुरकुरतात, पण ऐकतात.