एक फेज उडालाय

भाचीच्या मुलीचं बारसं. आत्याबाई पाळण्यावर वाकल्या आणि नेमका तेव्हाच माझ्या फोनच्या कॅमेऱ्यात मिट्ट काळोख झाला. शटरचं गोल बटण, फ्लॅशचं चिन्ह सगळं जागच्या जागी, फक्त मध्ये बाळ नाही, पाळणा नाही, काहीच नाही. बंद करून पुन्हा उघडलं तर ॲप आपणहून मिटलं. तोवर 'कुर्रर्र' होऊन आत्याबाईंच्या पाठीत धपाटेही पडले. आता आयुष्यभर ऐकायचं, "फोटो तू काढणार होतास ना?"

तेवढ्यात नाना आले. नाना वीज मंडळातून निवृत्त झालेत, पण फॉल्ट शोधण्यातून नाही. हातातली घुगऱ्यांची वाटी न ठेवता त्यांनी विचारलं, "शेजारी लाइट आहेत का?"

"नाना, कॅमेरा बंद आहे."

"तेच विचारतोय. दुसऱ्या कुठल्या ॲपात चित्र येतंय का?"

व्हॉट्सॲपचा कॅमेरा उघडला. तिथेही काळोख. म्हणजे दोष एकट्या कॅमेरा ॲपचा नव्हता.

"आता मेन स्विच."

हा खरंच असतो. अँड्रॉइड १२ पासून, वरून खाली ओढायच्या पडद्यात 'Camera access' नावाची एक टाइल ठेवता येते. चुकून बोट लागून ती बंद झाली की सगळ्या ॲपांचा कॅमेरा एकदम बंद, आणि काही ॲपं तक्रार न करता नुसता काळा पडदा दाखवत बसतात. आमची टाइल चालू होती. मग सेटिंग्जमध्ये कॅमेरा ॲपच्या परवानग्या पाहिल्या, त्याही शाबूत. "घरातलं वायरिंग ठीक आहे," नाना म्हणाले आणि घुगऱ्यांचा घास घेतला.

एव्हाना पाहुणे बाळाला सोडून आमच्याभोवती जमले होते. एका काकूंनी फोन तांदळात ठेवायला सांगितला. तो भिजला नव्हता, हे सांगूनही त्या आत तांदूळ आणायला गेल्याच.

"आता लोड काढ," नाना म्हणाले. "बाहेरून जोडलेलं सगळं बंद करून बघ." त्यांना माहीत नव्हतं, पण याला सेफ मोड म्हणतात. माझ्या फोनवर पॉवरच्या मेनूतलं 'Power off' दाबून धरलं की तो पर्याय येतो. फोन पुन्हा सुरू होतो तेव्हा आपण डाउनलोड केलेली ॲपं झोपलेली असतात, फोनबरोबर आलेली तेवढी जागी. तिथे कॅमेरा चालला, तर कुठलं तरी उपरं ॲप त्याला अडवून बसलंय असं समजायचं, आणि नवी ॲपं एकेक करून काढायची. आमच्याकडे सेफ मोडमध्येही अंधारच. वर होमस्क्रीनवरची माझी विजेट्स उडाली ती वेगळीच. त्याबद्दल कुणी हळहळलं नाही.

मग नानांनी माझ्या हातातून फोन घेतला, पाठ निरखली आणि विचारलं, "हे तीन डोळे कशाला?"

"वेगवेगळ्या लेन्स आहेत."

"मग एकेक तपास की!"

सेल्फी कॅमेरा लागला. ०.६एक्सवर गेलो, अख्खी खोली दिसली. २एक्स, ठीक. १एक्सवर आलो की काळोख, आणि पुन्हा ॲप बंद. नाना विजयी मुद्रेने ओरडले, "एक फेज उडालाय!" बाळ दचकून रडायला लागलं.

निदान अचूक होतं. परवानगी किंवा ॲपचा घोळ सहसा एकच लेन्स निवडून काळी करत नाही. बाकीच्या चालतात आणि सेफ मोडमध्येही तीच बंद राहते, तेव्हा संशय त्या लेन्सच्या मॉड्यूलवर किंवा त्याच्या बारीक पट्टीच्या कनेक्टरवर जातो.

हे सगळं मी सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, आधी फॅक्टरी रिसेट करू." म्हणजे फोटो, चॅट, बँकेची ॲपं सगळं पुसायचं, कशासाठी, तर त्याच्या कागदावर एक टिक यावी म्हणून! मी नकार दिला. मग त्याने विचारलं, "फोन बाइकच्या हँडलला लावता का? हादऱ्यांचं वॉरंटीत बसत नाही."

हादऱ्यांची गोष्ट खोटी नाही. मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी कॅमेऱ्याची हात-थरथर सावरणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलनेच २०२१ साली जाहीर केलं होतं. पण त्या बिघाडात चित्र सहसा थरथरतं किंवा पुसट येतं. माझ्याकडे सरळ अंधार आहे. कनेक्टर सुटला असेल तर उघडून बसवून बघा ना, म्हटलं, तर उघडून पाहण्याचे पैसे वेगळे. आणि समजा हादऱ्यांनीच गेला, तर या रस्त्यांवर खिशातल्या फोनला कमी हादरे बसतात का? हा प्रश्न त्याच्या अखत्यारीत नव्हता.

शेवटी त्याने जॉबशीट भरली. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, 'ग्राहकाच्या मते कॅमेरा चालत नाही.' ग्राहकाच्या मते! प्रत मागितली, तर म्हणाला, "प्रत मिळत नाही सर. मोबाइलवर फोटो काढून ठेवा."

काढला. ०.६एक्सवर. त्यात जॉबशीट आहे, त्याचं अख्खं काउंटर आहे, आणि कोपऱ्यात माझे बूट आहेत. अक्षर मात्र एकही वाचता येत नाही.