आकाशातले पट्टे आणि सर्व्हिस मेनूचा जीवघेणा सल्ला

«टीव्हीवर आकाशात पट्टे दिसतात? म्हणजे कंपनीने ८ बिटचं स्वस्त पॅनेल गळ्यात मारलंय. १० बिटवर पट्टे येतच नाहीत. खोक्यावर एचडीआर१० लिहिलं असेल तर पॅनेल १० बिटचंच असतं. पट्टे घालवायला सर्व्हिस मेनूत जाऊन पॅनेल बिट ८ चं १० करा, नाहीतर भारी एचडीएमआय केबल लावा. सगळ्यांना पाठवा.»

हा फॉरवर्ड परवा आमच्या मामांच्या फोनवर आला आणि ते रिमोट हातात घेऊन सर्व्हिस मेनूचा, म्हणजे दुरुस्तीवाल्यांसाठीच्या लपवलेल्या मेनूचा, कोड शोधत बसले. म्हणून आधी तेच वाक्य घेतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर पैसे जातील, या चुकीने चालू टीव्ही बंद पडू शकतो.

स्वस्त टीव्हींच्या बऱ्याच बोर्डांवर हा पर्याय खरोखर असतो. एकच मेनबोर्ड वेगवेगळ्या पॅनेलांना जोडायचा असतो, म्हणून प्रत्येक रंगाचे किती बिट आणि कुठल्या क्रमाने पाठवायचे, हे कारखान्यात तिथे ठरवून ठेवतात. पलीकडे पॅनेल चालवणारा टी-कॉन बोर्ड त्याच क्रमाने ते वाचतो. तुम्ही तिथे १० केलंत की मेनबोर्ड नव्या मांडणीत पाठवायला लागतो, टी-कॉन मात्र जुन्याच मांडणीत वाचत राहतो. मग बिट भलत्या जागी पडतात, चेहरे हिरवे-जांभळे किंवा निगेटिव्हसारखे होतात, कधी पडदा पूर्ण काळा होतो. काळ्या पडद्यावर मेनू दिसणार नाही, मग १० चं ८ करणार कसं? बोर्ड पुन्हा फ्लॅश करावा लागतो, तोही नेमकी त्याच पॅनेलची फाइल मिळाली तर.

आणि समजा चित्र बिघडलं नाही, तरी हाती काय लागलं? काहीच नाही. पिक्सेलला किती व्होल्टेज द्यायचं ते पॅनेलच्या कडेच्या ड्रायव्हर चिपा ठरवतात. त्या चिपेत ८ बिटच्या २५६ पायऱ्या असतील तर मेनूतला आकडा बदलून त्या १० बिटच्या १०२४ होत नाहीत. हे मेनू उघडूच नका.

आता पट्ट्यांचं. मावळतीनंतरचं स्वच्छ आकाश घ्या. क्षितिजापाशी उजेडाचा आकडा १५०, वर जाता जाता १२०. हा उतार चित्राच्या वरच्या अर्ध्यात, म्हणजे ४के पडद्याच्या २१६० ओळींपैकी १०८० ओळींत पसरलेला आहे. ८ बिटमध्ये त्याला मिळतात ३० पायऱ्या, म्हणजे एक पायरी ३६ ओळींची. ४३ इंची पडदा साधारण साडेत्रेपन्न सेंटीमीटर उंच असतो, तेव्हा तो पट्टा जवळजवळ ९ मिलीमीटर रुंद झाला. १० बिटमध्ये त्याच उताराला १२० पायऱ्या मिळतात, पट्टा सव्वादोन मिलीमीटरवर येतो आणि शेजारच्या दोन पायऱ्यांमधला फरकही चौथाईवर येतो. डोळ्याला तो कळत नाही.

इथवर फॉरवर्डचं म्हणणं बरोबर वाटेल. पण हे गणित फक्त पॅनेलला लागत नाही. चित्र वाटेत जिथे जिथे ८ बिटमध्ये बसवलं जातं, तिथे तिथे लागतं. तुमच्या सेट-टॉप बॉक्समधून येणारी नेहमीची वाहिनी ८ बिटचीच असते, आणि त्यातही उजेडासाठी १६ ते २३५ एवढेच आकडे वापरतात. वर कॉम्प्रेशन. मूळ चित्रातले बारीक दाणे पायऱ्यांच्या कडा मोडून टाकतात, पण बिटरेट वाचवायला एन्कोडर आधी तेच दाणे पुसतो. मग उरतात सपाट ठोकळे आणि स्वच्छ कडा. असं चित्र अस्सल १० बिट पॅनेलवर लावलंत तर ते ९ मिलीमीटरचे पट्टे तसेच, इमानदारीने दाखवील. संध्याकाळच्या मालिकेतलं आकाश बघून पॅनेलला शिव्या देऊ नका.

अंधारात हे जास्त टोचतं, त्याला कारण आहे. टीव्हीचे आकडे आणि प्रत्यक्ष उजेड यांचं नातं सरळ नसतं; २.४ गॅमा धरला तर १५० वरून १५१ वर जाताना उजेड जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, पण ३० वरून ३१ वर जाताना साधारण १८ टक्क्यांनी. त्यातून धुक्याचा किंवा कंदिलाभोवतालचा उतार १६ ते ३० मध्येच संपतो, म्हणजे पायऱ्या अवघ्या १४. पडदा व्हिविड मोडवर असेल आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू असेल तर टीव्ही याच पायऱ्या आणखी ताणतो. सिनेमा मोड लावा, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

दोष कुणाचा हे ओळखायला चित्र सरकताना बघा. कॅमेरा फिरला की आकाशासोबत सरकतात ते बँडिंगचे, म्हणजे पायऱ्यांचे पट्टे. जागचे हलत नाहीत ते डाग बॅकलाइटचे किंवा पॅनेलचे, त्यांचा बिटशी संबंध नाही. करड्या उतारात गुलाबी-हिरवट झाक आली तर टीव्हीच्या व्हाइट बॅलन्सने किंवा गॅमाने एखाद्या रंगाच्या पायऱ्या खाल्ल्यात.

एचडीआर१० बद्दल मात्र अर्धी गोष्ट मान्य करावी लागते. एचडीआरला १० बिट लागतातच, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या बीटी.२१०० या शिफारशीत १० आणि १२ एवढेच पर्याय आहेत, ८ नाहीच. आकड्याला किती उजेड ते ठरवणाऱ्या तिथल्या पीक्यू वक्रात १०० निटपर्यंतचा सगळा उजेड अर्ध्या आकड्यांत बसवलेला असतो आणि बाकीचे अर्धे १०,००० निटपर्यंत जातात. २५६ च आकडे असते तर नेहमीच्या चित्राला त्यातले सव्वाशे-दीडशेच उरले असते. पण ही अट सिग्नलची आहे. खोक्यावरच्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की टीव्ही तो सिग्नल घेतो. आत पॅनेल ८ बिट अधिक एफआरसी असू शकतं: १२० आणि १२१ च्या मधली छटा हवी तर चारपैकी तीन फ्रेममध्ये १२० आणि एकात १२१. «१०७ कोटी रंग» हे वाक्य अशा पॅनेलवरही छापतात. हे सांगत नाहीत, याचा राग योग्य आहे. पण सोफ्यावरून हे आणि खरं १० बिट सहसा वेगळं ओळखू येत नाही.

केबलचा मुद्दा दोन ओळींचा. केबल कमी पडली तर ठिपके चमकतात किंवा चित्र जातं. पायऱ्या कमी-जास्त होत नाहीत.

पॅनेलच तपासायचं असेल तर संगणकावर ffmpeg प्रोग्रामच्या खालच्या आज्ञेने ही फाइल बनवा, पेनड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीच्याच प्लेयरमध्ये लावा:

```
ffmpeg -f lavfi -i "color=c=black:s=3840x2160:r=24:d=10,format=yuv420p10le,geq=lum='400+X/32':cb=512:cr=512" -c:v libx265 -pix_fmt yuv420p10le -crf 5 utar.mkv
```

यात डावीकडून उजवीकडे १२० पायऱ्या आहेत, ४३ इंचीवर प्रत्येकी ८ मिलीमीटर. नॉइज रिडक्शन आणि पट्टे मऊ करणारी सगळी सेटिंगं बंद ठेवा. उतार सलग दिसला तर पॅनेल १० बिट किंवा एफआरसीचं आहे. सुमारे तीन सेंटीमीटर रुंदीचे ३० ते ३५ पट्टे मोजता आले तर पॅनेलमध्ये किंवा त्याच्या आधी टीव्हीच्या आत कुठेतरी ८ बिट होतायत, आणि दुकानदाराशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी आहे.