हळदीचा तक्ता आणि दुसऱ्या वेताची म्हैस

सासऱ्यांच्या घरात हळद पडून होती आणि माझ्या नशिबात एक्सेल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला फेब्रुवारीपर्यंत वाटलं नव्हतं.

आमचे मामा, म्हणजे सासरे, मिरज तालुक्यातले हळदवाले. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यात भरली की दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. आत्ता यार्डात न्यायची, की थांबायचं? हा प्रश्न ते आजवर शेजाऱ्याला, अडत्याला आणि पंचांगाला विचारत आले. यंदा मला विचारला, कारण मी पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसतो.

"जावईबापू, मागच्या धा वर्षांत सांगलीत हळद कुठल्या म्हैन्यात काय भावानं गेली, तेवढं काढून ठेवा. रविवारी येतो."

'तेवढं' हा शब्द ज्याने पहिल्यांदा काढला, त्याला डेटा शोधायला बसवला पाहिजे.

मी रात्री जेवण उरकून बसलो. बशीत भडंग, पुढ्यात लॅपटॉप. 'सांगली हळद डेटा' असं टाकलं. हळदीच्या दुधाचे फायदे आले. मग लग्नातल्या हळदीसाठी पिवळे कुर्ते आले, तेही सवलतीत. एका बातमीत हळदीला 'विक्रमी भाव' होता, पण तो एका पोत्याला होता की सगळ्या बाजाराला, हे बातमीदाराने गुलदस्त्यात ठेवलं होतं. बारा वाजता बायको म्हणाली, "झोपा आता, नाहीतर कुर्ता तरी घेऊन टाका."

रविवारी मामा आले. मी माझी अडचण सांगितली. त्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "तुमी त्याला काय इचारलं?"

"सांगलीची हळद."

"आन् म्हैस हरवली तर तुमी गावात 'म्हैस बघितली का' आसं इचारत फिरनार? शिंगं कुठं वळल्यात, कपाळावर चांद हाय का, कितव्या येताची, दोन टायमाला मिळून दूध किती देती, हे सांगाय नको?"

मी पंधरा वर्षं तक्ते भरतोय, पण तक्ता हरवलेल्या म्हशीसारखा वर्णन करून शोधायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी वहीत लिहायला घेतलं. रकाने कुठले हवेत? तारीख, बाजार, जात, आवक, कमीत कमी भाव, जास्तीत जास्त भाव, सर्वसाधारण भाव. एकक काय? आवक क्विंटलमध्ये, भाव क्विंटलला रुपये. पल्ला किती? सांगली यार्ड, दहा वर्षं. आणि किती वेळा? सौद्याच्या प्रत्येक दिवसाची वेगळी ओळ.

'आवक' हा रकाना मामांच्या हट्टाने आला. मी म्हटलं, आपल्याला भावाशी मतलब. ते म्हणाले, "भाव चढला म्हंत्यात तवा माल किती आल्ता, हे नगं कळाय?" मी कागदावर मांडून बघितलं. समजा एका दिवशी ४,००० क्विंटल हळद १३,००० रुपयांनी गेली आणि दुसऱ्या दिवशी कुणाची तरी २० क्विंटल १७,००० रुपयांनी. दोन भावांची नुसती सरासरी काढली तर १५,००० येते आणि सासरा खूश होतो. मालाच्या वजनाने सरासरी काढली तर येतात जेमतेम १३,०२० रुपये, आणि हा आकडा खरा. आवकेचा रकाना नसेल तर दहा वर्षांचे भाव असूनही आपण त्या वीस क्विंटलवाल्याच्या नशिबावर आपली पोती ठेवणार.

आता हे वर्णन घेऊन मी पुन्हा बसलो. गूगलचा डेटासेट सर्च म्हणून वेगळा शोध आहे, २०१८ पासून चालू. मला वाटलं, याला रकाने सांगितले की हा तक्ते उघडून आत बघेल. तसं नसतं. तो तक्त्याच्या आत डोकावत नाही. तक्ता ठेवणाऱ्याने पानावर जे वर्णन ठरावीक साच्यात लिहून ठेवलेलं असतं, नाव, माहिती, काळ, ठिकाण, तेवढंच तो वाचतो. रकाने आणि एककं लिहायलाही त्या साच्यात जागा असते, पण ती भरायचा कंटाळा आपल्याकडेच नव्हे, जगभर आहे. म्हणजे तुम्ही म्हशीची शिंगं कितीही सांगा, दावणीवरच्या पाटीवर नुसतं 'जनावर' लिहिलं असेल तर ती सापडायची नाही.

मग उलटी वाट धरली. देशभरातल्या बाजारभावाचे तक्ते data.gov.in वर असतात, त्यातला रोजचा तक्ता उघडला आणि वरची ओळ उतरवून घेतली:

```
State, District, Market, Commodity, Variety, Grade,
Arrival_Date, Min_Price, Max_Price, Modal_Price
```

तक्ता बनवणाऱ्याची भाषा ही असते. आपण 'सर्वसाधारण भाव' म्हणत बसलो तर तो ओ देत नाही. `Modal_Price` म्हटलं की मान वर करतो. मी शोधाच्या चौकटीत अवतरणचिन्हांसकट `"Arrival_Date" "Modal_Price"` टाकलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पिवळा कुर्ता आला नाही. त्याच घराण्यातले तक्ते आले, कुणी कुणी उतरवून ठेवलेल्या प्रती आल्या.

मामांना स्क्रीन दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "मोडल प्राइस? म्हंजी मोडलेला भाव?"

"नाही मामा. ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला, तो."

"मग मोडलेलाच की. चांगल्या भावानं कुठं जास्त माल जातोय?"

यावर संख्याशास्त्राकडे उत्तर असेल, माझ्याकडे नव्हतं.

पण माझा आनंद `Arrival` या शब्दाने गिळला. मी तो बघितला आणि आवक मिळाली म्हणून खुर्चीतून उठलो. अर्ध्या तासाने ध्यानात आलं की ही आवक नव्हे, आवकेची तारीख. माल कधी आला ते लिहिलंय, किती आला ते या तक्त्यात नाहीच. शब्द जुळला म्हणून रकाना जुळत नसतो. तेव्हापासून मी रकान्याचं नाव वाचून थांबत नाही, खालच्या पाच ओळी बघतो. तारखा दिसल्या तर ती तारीख, मग वर काहीही लिहिलेलं असो.

दुसरा घोटाळा 'रोज' या शब्दाचा. पानावर लिहिलं होतं, रोज अद्ययावत. मला वाटलं, रोज एक थर चढत असणार, दहा वर्षांत डोंगर झाला असणार. उघडलं तर फक्त आजच्या ओळी. यार्डातल्या फळ्यासारखं काम होतं: सकाळी ओला बोळा फिरवायचा, कालचं पुसायचं, आजचं लिहायचं. फळाही रोज अद्ययावतच असतो, पण त्यावर गेल्या वर्षीचा शिमगा शोधत कुणी जात नाही. म्हणून किती वेळा बदलतं एवढं विचारून भागत नाही. जुनं ठेवून पुढं लिहितात की पुसून लिहितात, हेही विचारावं लागतं. सोपी परीक्षा म्हणजे तक्त्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी तारीख बघणे. दोन्ही एकच निघाल्या तर तो फळा. आणि नवी तारीख तीन वर्षांपूर्वीची निघाली तर पाटीवर 'रोज' असूनही दुकान बंद. असंही एक पान लागलं होतं मला. नाव घेत नाही, मेलेल्याविषयी वाईट बोलू नये.

जुने भाव जपून ठेवणारा वेगळा तक्ता शेवटी सापडला, पण त्यातही आवक नव्हती. ती मिळाली अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावाच्या सरकारी संकेतस्थळावर, आवक आणि भाव एकत्र असलेल्या अहवालात. मी एकेक महिना काढून चिकटवत गेलो. तिसऱ्या रविवारी मामांसमोर रुबाबात आवकेला भावाने गुणलं आणि सांगितलं, "ही बघा यार्डातली एका दिवसाची उलाढाल. पस्तीस लाख."

मामा हसले. साधं नाही, तंबाखू सांभाळत हसले. "जावईबापू, भर शिमग्यात सांगलीच्या यार्डात दिसभर पस्तीस लाखाची हळद? एवढ्यात हमालांची पाठबी गरम हुनार न्हाई."

मी पुन्हा बघितलं. भाव क्विंटलला रुपये आणि आवक टनात. एकाच ओळीत, शेजारी शेजारी, सख्ख्या भावांसारख्या बसलेल्या, आणि एकमेकांशी बोलणं नाही. २५० टन म्हणजे २,५०० क्विंटल. १४,००० ने गुणलं की साडेतीन कोटी. मी एक शून्य गिळलं होतं. एकक वर कंसात स्पष्ट लिहिलेलं होतं, मीच चिकटवताना मथळ्याची ओळ कापून टाकली होती. त्याच सांगलीची आवक राज्याच्या पणन मंडळाच्या पानावर क्विंटलमध्ये असते, 'परिमाण' असा स्वतंत्र रकानाच आहे. तिथल्या चार दिवसांशी ताडून बघितलं तर बरोबर दहापटीचा फरक. दोन ठिकाणच्या आकड्यांत दहाचा किंवा शंभराचा गुणक स्वच्छ निघाला तर समजावं, बाजार फिरलेला नाही, एकक फिरलंय.

राहिले मधले गायब दिवस. रविवार समजू शकतो, सुट्टी समजू शकतो, पण मंगळवारची ओळच नसेल तर सौदा झाला नाही की कुणी भरला नाही, हे तक्ता सांगत नाही. मी आधी तिथं शून्य भरत होतो आणि भावाचा आलेख दर आठवड्याला विहिरीत उडी मारत होता. मग ते दिवस मोकळे सोडले. मामा म्हणाले, "मंगळवारी मी गेल्तो, सौदं झालं हुतं." ती ओळ मी पेन्सिलीने लिहून ठेवलीय, दहा वर्षांत एकच.

महिनावार तक्ता झाला. मामांनी तो घडी घालून टोपीत ठेवला, यार्डात गेले, अडत्याशी चहा प्याले आणि निम्मी पोती विकून निम्मी ठेवून आले. "तक्त्याचं निम्मं, अडत्याचं निम्मं," म्हणाले.

परवा रात्री त्यांचा फोन.

"जावईबापू, ल्हून घ्या. मुऱ्हा. दुसरं येत. शिंगं आत वळल्याली. दूध बारा. इस्लामपूरच्या बाजारापासनं पंचवीस किलोमीटरच्या आत. एक गडी दावतोय, पर तुमी त्या तुमच्यात बघा, दुसरी कुठं सापडती का."

"बारा म्हणजे लिटर?"

"लिटर."

"एका वेळचं की दोन्ही वेळचं?"

"दोनी मिळून."

"आणि हे बारा कधी मोजलेलं?"

फोनवर जरा वेळ काहीच आवाज नाही. मग लांबून, दुसऱ्याच कुणाला तरी विचारल्यासारखं ऐकू आलं, "ओ पावनं, ते बारा लिटर कवाचं म्हनला तुमी?"