परीक्षेच्या दिवशी श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यावे

घाबरलेल्या मुलाला आपण "मोठा श्वास घे" असे सांगतो. माझ्या मते हा सल्ला अर्धवट आहे आणि पुष्कळदा तो उलटा पडतो. मागच्या वर्षी दहावीच्या बीजगणिताच्या पेपरला मी पुतणीला दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावाहून एसटीने परीक्षा केंद्रावर नेले होते. फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत ती माझ्याच सांगण्यावरून भराभर मोठे श्वास घेऊ लागली आणि थोड्याच वेळात म्हणाली, "काका, बोटाईले मुंग्या येऊन राहिल्या, अन् श्वासही पुरून नाही राहिला."

खरे तर तिचा श्वास कमी पडत नव्हता, तो गरजेपेक्षा जास्त होत होता. अशा वेळी शरीरातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, मेंदूकडील रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके होते, ओठांना व बोटांना मुंग्या येतात. आणि हवा पुरत नाही असे वाटल्यामुळे मूल ती आणखी जोराने ओढते. तोंड उघडे असणे आणि प्रत्येक श्वासाला खांदे वर जाणे, ही पालकाला दिसणारी खूण आहे.

मी तिला ओट्यावर बसवले, एक हात पोटावर ठेवायला लावला आणि आधी श्वास सावकाश बाहेर सोडायला सांगितले. त्यानंतर नाकाने, छाती गच्च न भरता, मनात चार अंक मोजेपर्यंत श्वास आत आणि सहा अंक मोजेपर्यंत बाहेर, असा क्रम धरला. एका आवर्तनाला साधारण दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणे लांब ठेवायचे. चार-सहा जड वाटल्यास तीन-चार करावे. आकड्यांसाठी ओढाताण केली की पुन्हा तीच धाप लागते. श्वास रोखून धरण्याचे प्रकार त्या दिवशी मुळीच करू नयेत. पाचेक मिनिटांत तिच्या मुंग्या थांबल्या.

त्यानंतर मात्र पुढच्या पेपरांच्या दिवसांत तिने रोज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे हा सराव केला, कारण ऐन वेळी नवी गोष्ट शिकणे भीतीत भरच घालते. (उपाशीपोटी उन्हातून आल्याने येणारी चक्कर याने जात नाही, त्यासाठी भाकर आणि पाणीच हवे.) दम्याच्या मुलाची छाती घरघरत असेल, तर मोजणे बाजूला ठेवून त्याचे नेहमीचे औषध आधी द्यावे.

भूमितीच्या पेपरात एका सिद्धतेवर ती अडली. तिने पेन खाली ठेवले, डोळे उघडेच ठेवून तसे तीन श्वास घेतले, म्हणजे अर्धे मिनिट खर्च केले, आणि तो प्रश्न सोडून पुढचा लिहायला घेतला.