पातळी नॉर्मल, तरी विषबाधा

"रक्तातली डिगॉक्सिनची पातळी नॉर्मल असेल तर विषबाधेची काळजी नको."

डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावरच्या एका लेखातलं हे वाक्य पटलं नाही. आईची पातळी १.४ होती, लॅबच्या मर्यादेतच. तरी आठवडाभर तिला अन्नाची शिसारी, मळमळ, आणि दिव्याभोवती पिवळट वलय दिसायचं. आम्ही आपले पित्त समजून बसलो! नाडी ४८ वर आली तेव्हा पोटॅशियम तपासलं, ते २.८, म्हणजे बरंच कमी. पायांच्या सुजेसाठी नुकतीच फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली होती, तिने लघवीवाटे पोटॅशियम घालवलं होतं. हृदयाच्या पेशींवरच्या एकाच पंपावर डिगॉक्सिन आणि पोटॅशियम जागेसाठी भांडतात. पोटॅशियम घटलं की डिगॉक्सिनच्या तेवढ्याच गोळीचा जोर वाढतो.

आणि पातळी तपासायला रक्त डिगॉक्सिनच्या गोळीनंतर निदान सहा तासांनी द्यायचं, हेही लिहायला हवं होतं. आधी दिलं तर आकडा फुगलेला येतो.