स्क्रीनवर २०, फुफ्फुसावर ३३चा ताण

«व्हॉल्यूम कंट्रोल जुनं झालं, त्याने फुफ्फुस फुटतं. प्रेशर सपोर्टमध्ये प्रेशर आपण ठरवतो, म्हणून फुफ्फुस सुरक्षित. पेशंट स्वतः श्वास घ्यायला लागला की लगेच सपोर्टवर टाका, मग टायडल व्हॉल्यूम कितीही येऊ दे. शिवाय अलार्म कमी वाजतात.»

आयसीयूत नव्याने आलेल्या रेसिडेंट्सच्या मोबाइलवर व्हेंटिलेटरच्या दोन मोडबद्दलचा हा मजकूर फिरतो आहे. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये मशीन दर श्वासाला ठरलेली हवा देतं, प्रेशर सपोर्टमध्ये पेशंटच्या स्वतःच्या श्वासाला ठरलेल्या प्रेशरचा आधार देतं. एकच पेशंट डोळ्यांसमोर ठेवून त्यातला एकेक मुद्दा तपासू. न्यूमोनियातून एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसं सुजून कडक होण्याचा गंभीर आजार, झालेली बाई, उंची १५५ सेंमी, वजन ७० किलो.

आधी फुफ्फुस फुटण्याबद्दल. मोड कोणताही असो, नुकसान होतं ते फुफ्फुस जास्त ताणलं गेल्यामुळे. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासातली हवा, काढायचा तो काट्यावरच्या वजनावरून नाही, उंचीवरून, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुफ्फुस मोठं होत नाही. बाईसाठी सूत्र असं: उंचीतून १५२.४ वजा करा, ०.९१ने गुणा आणि ४५.५ मिळवा (पुरुषासाठी ५०). हिचं उत्तर ४८ किलो येतं. किलोमागे ६ मिली धरले तर २९० मिली. सवयीने ४५० लावले तर ते किलोमागे ९ मिलीच्या वर जातात. मग दोष मोडचा नसतो, आकडा टाकणाऱ्याचा असतो. एआरडीएसमध्ये ६ मिलीने १२ मिलीच्या तुलनेत मृत्यू कमी होतात हे २०००मध्ये अमेरिकेतल्या ज्या मोठ्या चाचणीने दाखवलं, ती चाचणी व्हॉल्यूम कंट्रोलवरच झाली होती.

हिला व्हॉल्यूम कंट्रोलवर २९० मिली, रेट २४, फ्लो मिनिटाला ४० लिटर आणि पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेलं प्रेशर, ८ लावलं आहे. पीक प्रेशर ३२ दिसतं आणि नवा माणूस तिथेच घाबरतो. इन्स्पिरेटरी होल्डचं बटण अर्धा सेकंद दाबा. फ्लो थांबतो, प्रेशर ३२वरून घसरून २२वर स्थिरावतं. हे २२ म्हणजे प्लॅटू, आणि फुफ्फुसाचा ताण यावरून कळतो. वरचे १० नळी आणि श्वासनलिकांच्या अडथळ्यात खर्च झाले. प्लॅटूतून पीप वजा केलं की ड्रायव्हिंग प्रेशर १४ येतं. प्लॅटू ३०च्या आत आणि ड्रायव्हिंग प्रेशर १५च्या आत असल्यामुळे इथे समाधान मानायला हरकत नाही. उद्या पीक ४५ झालं आणि प्लॅटू २२च राहिला, तर ट्यूबमध्ये कफ अडकला आहे, ट्यूब वाकली आहे, पेशंट ती चावतो आहे किंवा श्वासनलिका आवळल्या आहेत. सक्शन कॅथेटर घालून बघा. पण पीकसोबत प्लॅटूही चढला, तर न्यूमोथोरॅक्स, ट्यूब एका बाजूच्या फुफ्फुसात सरकणं किंवा पाणी भरणं शोधायचं. असा सरळ निवाडा व्हॉल्यूम कंट्रोलमध्येच मिळतो, कारण तिथे व्हॉल्यूम आणि फ्लो दोन्ही ठरलेले असतात. अट एकच: होल्डच्या वेळी पेशंट शांत हवा.

आता प्रेशर ‘आपण ठरवतो’ हा मुद्दा. सगळ्यात घातक चूक इथे आहे. सपोर्टमध्ये आपण फक्त मशीनचा वाटा ठरवतो. पेशंटचे स्नायू त्याच वेळी आतून फुफ्फुस ओढत असतात, आणि फुफ्फुसाला दोन्हींची बेरीज सोसावी लागते.

हीच बाई दुसऱ्या दिवशी स्वतः श्वास घेऊ लागली म्हणून घाईने सपोर्टवर गेली. सपोर्ट १२, पीप ८. स्क्रीनवर पीक २० दिसतं. सगळे खूश. पण शेजारचा टायडल व्हॉल्यूम ५२० आहे आणि रेट ३२. कालच्या आकड्यांवरून हिशेब मांडा. १४ प्रेशरला २९० मिली, म्हणजे प्रेशरच्या एका सेंमी पाण्यामागे साधारण २१ मिली. फुफ्फुस तेच असेल तर ५२० मिली आत जायला जवळजवळ २५ लागतात. मशीन देतं १२, उरलेले १३ बाई स्वतः ओढते आहे. ड्रायव्हिंग प्रेशर १४वरून २५वर गेलं आणि एकही अलार्म वाजला नाही.

हे बेडजवळ तपासता येतं. सपोर्टवर असतानाच इन्स्पिरेटरी होल्ड दाबा. बाईने स्नायू सैल सोडले की रेषा २०वर न थांबता वर चढते आणि ३३च्या आसपास सपाट होते. प्लॅटू पीकच्या वर गेला की समजायचं, लपलेली ओढ समोर आली. रेषा सपाट झाली नाही तर तो आकडा धरू नका. दुसरी खूण अशी: श्वास सोडण्याच्या शेवटी एक्स्पिरेटरी होल्ड दाबा आणि बंद नळीवर ती पुढचा श्वास ओढताना प्रेशर पीपच्या खाली किती जातं ते पाहा. ते १७ने खाली गेलं, तर त्याचा पाऊण भाग, म्हणजे साधारण १३, हा स्नायूंच्या जोराचा अंदाज. दोन्ही रीतींनी उत्तर जुळलं.

म्हणून ‘टायडल व्हॉल्यूम कितीही येऊ दे’ हे एआरडीएसमध्ये मान्य करता येत नाही. श्वास पेशंटने घेतला म्हणून फुफ्फुस कमी ताणलं जात नाही. अशा वेळी नुसता सपोर्ट ८वर आणला तर ती आणखी जोराने ओढू शकते. ताप, वेदना, भीती, मेटाबॉलिक अॅसिडोसिस, भरलेलं मूत्राशय अशी कारणं आधी बघा. ओढ तरीही थांबत नसेल तर गुंगी वाढवून परत व्हॉल्यूम कंट्रोलवर घ्या. याउलट ओढ नगण्य, रेट १० आणि व्हॉल्यूम ५२० असेल, तर सपोर्टच जास्त झाला आहे. तिथे २-२ने कमी करत जायचं.

व्हॉल्यूम कंट्रोलविरुद्धची एक तक्रार मात्र खरी आहे. २९० मिली ४० लिटरच्या फ्लोने अर्ध्या सेकंदाच्या आतच संपतात. पेशंटचा श्वास अजून चालू असेल तर तो लागोपाठ दुसरा श्वास ट्रिगर करतो, आणि मधे हवा बाहेर न पडता ५८० मिली आत साठतात. ग्राफवर एकाला चिकटून दुसरा श्वास दिसला की हेच घडतं आहे. श्वास घ्यायचा वेळ थोडा वाढवा, व्हॉल्यूम ७-८ मिलीपर्यंत नेऊन प्लॅटू पुन्हा मोजा, किंवा गुंगी वाढवा.

अलार्म सपोर्टमध्ये कमी वाजतात, कारण जे बिघडतं ते प्रेशरमध्ये दिसतच नाही. ट्यूब अर्धी तुंबली तरी प्रेशर २०च राहतं, फक्त व्हॉल्यूम ३५०वरून १५०वर येतो. त्यामुळे सपोर्टवर टाकतानाच बाहेर येणाऱ्या टायडल व्हॉल्यूमच्या आणि मिनिट व्हॉल्यूमच्या खालच्या मर्यादा, जास्त रेटचा अलार्म आणि २० सेकंदांचा अॅप्निया बॅकअप हाताने तपासून लावा. बॅकअपमधला टायडल व्हॉल्यूमही बघा, तिथे बऱ्याचदा आधीच्या पेशंटचा आकडा राहिलेला असतो. सीओपीडीच्या पेशंटमध्ये छातीवर हात ठेवून मिनिटभर श्वास मोजा. हाताला २८ लागले आणि स्क्रीनवर १६ असतील तर उरलेले १२ प्रयत्न वाया जात आहेत. सपोर्ट उतरवा आणि श्वास तोडण्याची मर्यादा पीक फ्लोच्या २५ टक्क्यांवरून ४०-५०वर न्या.

सपोर्टची वेळ येते ती मूळ आजार उतरणीला लागल्यावर: ऑक्सिजन ५० टक्के किंवा कमी, पीप ८ किंवा कमी, रक्तदाब स्थिर. तेव्हा उशीर करू नये, कारण खोल गुंगीत मशीनवर पडून डायफ्रॅम कमजोर होतो. किलोमागे ६-८ मिली आणि रेट ३०च्या आत राहील इतका सपोर्ट लावा, २० मिनिटं बेडजवळ थांबा आणि मग एकदा एक्स्पिरेटरी होल्ड दाबून बघा.